‘बोलु’ आणि ‘बोलू’

*मी नागपूरला मराठी घेऊन एम.ए. करते आहे. ज्ञानेश्वरी वाचताना अनोळखी शब्दांचं फार वाटत नाही, ते कोशात बघता येतात. अडचण ओळखीच्या शब्दांची आहे. शब्द रोजचा वाटतो, अर्थ लागल्यासारखा वाटतो आणि नंतर कळतं की तेव्हा तो अर्थ नव्हताच. मुळात कोश उघडायला हवा हेच लक्षात येत नाही. अशी जागा ओळखायची कशी?*

दरवर्षी 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे फलक लागतात. आपल्या सीताबर्डीवरही लागतात. त्यातल्या निम्म्यांवर एक ओळ हमखास असते: ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’. तुम्हीही ती पाहिली असेल. अर्थ कसा छान लागतो ना? आपण आपल्या मराठीचं कौतुक बोलू या. ओळ ज्ञानेश्वरीची म्हणून छापलेली असते आणि ज्ञानेश्वरीत ती नाही. तिथे आहे ते असं:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

ही सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी. या चार चरणांत एकही अनोळखी शब्द नाही. माझा, मराठा, बोल, कौतुक, अमृत, पैज, जिंकणे, अक्षर, रसिक, मेळवणे, सगळे आपल्या घरातले. म्हणूनच वर्गात मी सुरुवात हिच्यापासून करत आलो. तीस वर्षं शिकवताना माझा अनुभव असा की ‘कळंभा’ किंवा ‘बीक’ या शब्दांवर विद्यार्थी थांबतो, त्यामुळे तिथे चुकत नाही. चुकतो तो ‘कौतुक’ आणि ‘रसिक’ यांवर, कारण तिथे तो थांबतच नाही.

थांबायची सवय लावायला मी एक कंटाळवाणं काम करायला लावतो. ओवी वहीत उतरवायची. अर्थाचं नाव काढायचं नाही. प्रत्येक शब्दाखाली फक्त त्याचं रूप लिहायचं: नाम की क्रियापद, लिंग कोणतं, वचन कोणतं, शेपटीला काय लागलंय. मग क्रियापद धरून अन्वय लावायचा, म्हणजे शब्द तेच ठेवून गद्याच्या क्रमाने मांडायचे. अर्थ सगळ्यात शेवटी. तासाला दहा ओव्या झाल्या तर पुष्कळ झाल्या.

आता हे वरच्या ओवीवर करून बघू.

पहिला शब्द ‘माझा’. पुल्लिंगी, एकवचनी. म्हणजे पुढे कुठेतरी त्याला जुळणारं पुल्लिंगी एकवचनी नाम हवं. ‘मराठी’ ते होऊ शकत नाही, ती स्त्रीलिंगी. ‘कौतुक’ही नाही, ते नपुंसकलिंगी. उरतो ‘बोलु’. पण बोलु तर आपल्याला ‘बोलू या’मधल्यासारखं क्रियापद वाटतं! इथे फलक लिहिणारे फसले. जुन्या मराठीत पुल्लिंगी अकारान्त नामाच्या प्रथमेच्या एकवचनाला ‘उ’ लागतो. बोल झाला बोलु, शब्द झाला शब्दु, रस झाला रसु. माझ्या शब्दावर विसंबायचं कारण नाही, तीनच ओव्या पुढे जा: ‘सहजें शब्दु तरि विषो श्रवणाचा । परि रसना म्हणे हा रसु आमुचा’. शब्दु, रसु, आणि विषय या शब्दाचा ‘विषो’. पुरावा त्याच पानावर आहे. फलकावर तो ऱ्हस्व उकार दीर्घ झाला आणि नामाचं क्रियापद होऊन बसलं.

मग ‘मराठाचि’. यात दोन तुकडे आहेत, मराठा आणि चि. हा ‘चि’ म्हणजे आजचा ‘च’. षष्ठीचा ‘ची’ दीर्घ असतो, हा ऱ्हस्व आहे. ‘मराठा’ हे बोलुचं विशेषण, म्हणून तेही पुल्लिंगी. एवढं झालं की पहिल्या चरणाचा सांगाडा उभा राहतो: माझा बोल मराठाच.

पुढचा शब्द तुम्ही कोशात कधीच बघणार नाही, तो ‘परि’. परि म्हणजे पण. ‘पण’ आला की आधी काहीतरी उणं बोललेलं असायला हवं. फलकाचा अर्थ इथे लावून बघा: मराठीचं कौतुक बोलू या, पण ती अमृतालाही जिंकते. या ‘पण’ला बसायला जागाच नाही. उलट, माझं बोलणं मराठीच आहे, म्हणजे संस्कृत नाही, साधं देशी आहे, पण ते अमृतालाही पैज लावून जिंकेल, असं घेतलं की ‘पण’ नीट बसतो. पहिल्या चरणात नम्रता आहे आणि दुसऱ्यात पैज. फलकावरच्या ओळीत नम्रता उडून गेली आणि अभिमान तेवढा उरला.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची खूण वाटते ती वेगळीच. तो सोयीचा अर्थ लावायला लोकांना ओवी बदलावी लागली. ‘माझा’चं ‘माझ्या’ केलं, ‘मराठाचि’चं ‘मराठीची’ केलं, ‘कौतुकें’वरचा अनुस्वार गेला. हे कोणी मुद्दाम करत नाही, आपलं मन करतं. तुम्ही वाचतानाही हे होतं. एखादा काना, एखादी मात्रा तुम्ही न कळत दुरुस्त करून पुढे जाता. म्हणून वहीत उतरवून घेतल्यावर ती मूळ पानाशी अक्षरशः ताडून बघा. उतरवताना जिथे तुमचा हात घसरला असेल, तिथे अर्थही घसरलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी आधी हेच शोधायचो.

आता ‘कौतुकें’. आज कौतुक म्हणजे शाबासकी, वाखाणणी. त्या काळच्या मराठीत कौतुक म्हणजे नवल, कुतूहल, हौस, खेळ, लीला. नुसतं रूप बघितलं तर ‘कौतुकें’ दोन प्रकारे लागतं. एक, नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणजे ‘अनेक कौतुकं’. दोन, तृतीयेचं एकवचन, म्हणजे ‘कौतुकाने’. फलकाने पहिलं घेतलं. पण बोलु हे नाम ठरल्यावर ‘कौतुकं’ बोलणारं कोणी उरलंच नाही, म्हणून दुसरं घ्यावं लागतं: हौसेने, लीलेने. हा शब्द नेमका कशाशी जोडायचा, मराठीत बोलण्याशी की पुढच्या जिंकण्याशी, यावर टीकाकारांची मतं एक नाहीत. मी त्याला पहिल्या चरणातच ठेवतो, कारण मध्ये ‘परि’ची भिंत आहे.

‘जिंके’ एकवचनी आहे हे विसरू नका. अक्षरें अनेकवचनी आहेत, तेव्हा जिंकणारी ती नव्हेत, जिंकणारा बोलु. आणि ‘रसिकें’? आज रसिक म्हणजे माणूस, नाट्यगृहात टाळ्या वाजवणारा. त्यामुळे बरेच जण ‘रसिकांनो, अशी अक्षरं मी मिळवीन’ असं वाचतात, कोणी ‘रसिकाने’ असंही. पण ऐसीं, अक्षरें, रसिकें या तिघांची शेपटी जुळते, तिन्ही नपुंसकलिंगी अनेकवचनं. म्हणजे रसिक हे अक्षरांचं विशेषण. रसाळ अक्षरं. पटत नसेल तर सोळाव्या ओवीकडे चला: ‘ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा’. त्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात. कवी स्वतःच दोन ओव्यांनंतर आपल्या शब्दाचा अर्थ सांगतो. जुन्या ग्रंथात असं फार होतं. म्हणून मी एकटी ओवी कधीच वाचू देत नाही, मागच्या दोन आणि पुढच्या तीन घ्याच.

राहिलं ‘मेळवीन’. आपण ‘मिळवीन’ वाचतो आणि अक्षरं कमावल्यासारखी वाटतात. इथे अर्थ जुळवणं, एकत्र आणणं असा आहे. हा अर्थ मेलेला नाही. ‘पाचात तीन मिळवा’ असं गणितात म्हणतात, हातमिळवणी करतात, मेळा भरतो. ही एक फार उपयोगी वाट आहे. शब्दाचा जुना अर्थ एकट्या शब्दात मरतो, पण जोडशब्दात नाहीतर एखाद्या ठरावीक वापरात टिकून राहतो. ‘भूत’ म्हटलं की आपल्याला पिंपळ आठवतो, पण ‘भूतदया’ म्हणताना आपण पिंपळावरच्यावर दया करत नसतो. ‘भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें’ यातलं भूत हे भूतदयेतलं. म्हणून ओळखीचा शब्द खटकला की कोशाच्या आधी स्वतःला विचारा, हा शब्द आणखी कशाकशात येतो?

इथपर्यंतचं तुलनेने सोपं होतं, कारण व्याकरण ओरडून सांगत होतं की काहीतरी चुकतंय. खरी भीती असते ती व्याकरण गप्प बसतं तिथे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीची ही ओवी बघा:

शके बाराशतें बारोत्तरें ।
तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें ।
लेखकु जाहला ॥

शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. ‘ज्ञानेश्वरें’ म्हणजे ज्ञानेश्वराने, ‘आदरें’ म्हणजे आदराने, एकाच शेपटीत एकदा कर्ता आणि एकदा रीत. महानुभावांच्या गद्यात पानोपानी येणारं ‘सर्वज्ञें म्हणितलें’ हेही तेच रूप, सर्वज्ञाने म्हटलं. अन्वय सरळ लागतो. कुठे अडत नाही. आणि तरी दोन शब्द आज पार वेगळे झालेत. टीका म्हणजे तेव्हा अर्थ उलगडून सांगणारं विवरण. आज वर्तमानपत्रात विरोधी पक्ष करतो ती टीका वेगळी. हा शब्द निदान तुम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना फसवत नाही, ‘टीकाकार’मध्ये जुना अर्थ अजून अर्धामुर्धा जिवंत आहे. फसवतो तो ‘लेखकु’. आज लेखक म्हणजे ग्रंथकर्ता. इथे लेखकु म्हणजे लिहून घेणारा, लेखनिक. एका हुशार मुलीने मला पेपरात लिहून दिलं होतं की ज्ञानेश्वरीचे लेखक सच्चिदानंदबाबा आहेत असा अंतर्गत पुरावा मिळतो! तिने शब्द बरोबर वाचले होते, शतक चुकलं होतं.

अशी जागा ओळखायला रूपं उपयोगी पडत नाहीत, मजकुराचा हिशेब लावावा लागतो. टीका केली ज्ञानेश्वरांनी, असं दुसऱ्या चरणात सांगून झालं. मग चौथ्या चरणात दुसराच माणूस लेखक कसा होईल? एकाच वाक्यात दोन कर्ते बसत नाहीत. तुमचा अर्थ शेजारच्या वाक्याशी भांडत असेल, किंवा तुम्हाला आधीपासून पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीशी भांडत असेल, तर नवा शोध लागला असं समजण्याआधी शब्द तपासा. बहुतेक वेळा शोध लागलेला नसतो.

पसायदानात दोन्ही प्रकार सापडतात. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे आपण शाळेपासून म्हणतो. यातला ‘जे’ बहुतेकांच्या डोक्यात ‘जे खळ आहेत त्यांची’ असा असतो. पण आधीची ओवी ‘पसायदान हें’ या शब्दांवर संपली आहे. हे पसायदान कोणतं? तर, ‘जे’ खळांची व्यंकटी सांडो. हा ‘जे’ म्हणजे आजचा ‘की’. दोन ओव्यांना जोडणारी ती कडी आहे, खळांशी तिचा संबंध नाही. पाठ म्हणताना आपण मध्ये थांबतो, कडी तुटते आणि शब्द दुसऱ्याच अर्थाला चिकटतो. ‘सांडणे’ म्हणजे इथे गळून पडणे, सुटणे. आपलं ताक सांडतं तेवढ्यापुरता तो अर्थ आता आकसलाय. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. (एका वर्षी वर्गातल्या दोघांनी तिचा संबंध तिरुपतीशी जोडला होता. मी हसलो नाही, निदान त्यांनी विचार तरी केला होता.)

दुसरी जागा त्याहून नाजूक आहे. ‘दुरिताचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’. विश्वाने स्वधर्माच्या सूर्याच्या उजेडात पाहावं, असं आपण वाचतो आणि ते अगदीच अशक्य नाही. पण काय पाहावं? बघण्याला कर्म लागतं, इथे ते नाही. जुन्या मराठीत ‘पाहणे’ नावाचं दुसरंही एक क्रियापद आहे, त्याला कर्म लागत नाही, आणि त्याचा अर्थ उजाडणे. पहाट हा शब्द त्याच घरातला. अंधार जावो आणि स्वधर्माच्या सूर्याने विश्वाला उजाडो, असं घेतलं की आधीच्या चरणातल्या अंधाराला पुढच्या चरणात सकाळ मिळते. माझं मत या बाजूचं आहे. दिसायला एकच असलेली दोन क्रियापदं, एवढीच ती गोष्ट, आणि तिचा सुगावा लागला तो न सापडणाऱ्या कर्मामुळे.

आता तुमच्या हातात कोणती प्रत आहे ते बघा, कारण यात अनुस्वाराचा मोठा वाटा आहे. पहिल्या अध्यायात चकोराच्या पिलांची ती प्रसिद्ध उपमा आहे, शरदाच्या चंद्रकळेतले कोवळे अमृतकण ती मऊ मनाने वेचतात. त्यानंतर ‘तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा’. ‘श्रोतां’ म्हणजे श्रोत्यांनी. तो अनुस्वार अनेकवचन सांगतो आणि विभक्तीही सांगतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार आजच्या लेखनातून काढले, ते ठीकच झालं. पण काही स्वस्त पोथ्यांनी तोच नियम तेराव्या शतकालाही लावून टाकला. मग ‘श्रोता अनुभवावी हे कथा’ असं छापलेलं दिसतं आणि वाचणारा समजतो, एका श्रोत्याला हाक मारलीय. ‘भूतां’चं ‘भूता’ झालं की तेच. तुमची प्रत अशी असेल तर ती पारायणाला ठेवा, अभ्यासाला दुसरी घ्या. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. हस्तलिखितं लिहिणाऱ्यांनी अनुस्वार कुठे दिले, कुठे गाळले, त्यात एकवाक्यता नाही. अनुस्वाराची साक्ष जरूर काढायची, निकाल मात्र सगळ्या साक्षी ऐकून द्यायचा.

शिवाय आपल्याला मिळालेला पाठ थेट 1290 चा आहे असंही धरू नका. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रत शुद्ध केली. राजवाड्यांनी 1909 मध्ये छापलेली प्रत आणि बाजारात मिळणारी पोथी यांत रूपं बरीच वेगळी दिसतील, ओव्यांचे आकडेही एखाददुसऱ्याने पुढेमागे होतील. एखाद्या रूपावर सगळा अर्थ टांगणार असाल तर ते रूप दोन प्रतींत बघून घ्या.

कोशाबद्दल एकच सांगतो, कारण इथे चांगली मुलंही चुकतात. मोल्सवर्थ हातात घेतला की आपण जुन्या मराठीचा कोश बघितला असं वाटतं. तो 1831 चा, पेशवाई बुडाल्यावर तेरा वर्षांनी आलेला. ज्ञानेश्वरीपासून तो साडेपाचशे वर्षं लांब आहे, आपल्यापासून दोनशेही नाही. त्यात ‘कौतुक’ पाहिलं म्हणजे ज्ञानेश्वरांचं कौतुक पाहिलं असं होत नाही. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त अर्थापुढे उदाहरण देऊन ‘ज्ञा’ असं लिहून आकडा दिलेला सापडतो. तुम्हाला हवा तो अर्थ न उचलता ज्या अर्थापुढे ‘ज्ञा’ आहे तो आधी वाचा. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा 1999 चा जुन्या मराठीचा कोश तर याच कामासाठी आहे. त्यात अर्थ इंग्रजीत आहेत, पण त्याचा एक फायदाच होतो. अर्थ मराठीत दिलेला असला की आपण पुन्हा ओळखीच्या शब्दाच्या कुशीत शिरतो.

तुम्ही इकडच्याच असाल तर तुमच्याजवळ आणखी एक हत्यार आहे, आणि ते दुधारी आहे. माझ्या वर्गात ‘निगाला’ हा शब्द आला की पुण्या-मुंबईची पुस्तकं वाचून आलेली मुलं टिपण बघायची आणि काटोलकडचा एखादा मागून म्हणायचा, ‘सर, हे तं आमच्या घरी आतापन बोलतात, तो घरून निंगाला’. बरोबर होतं त्याचं. पण त्याच भरवशावर तो पुढे प्रत्येक शब्द घरच्या अर्थाने वाचू लागला आणि ‘नावेक’ला नदीत घेऊन गेला. नावेक म्हणजे क्षणभर, होडीशी त्याचा काही संबंध नाही. बोलीवरून अंदाज जरूर बांधा, पण तो त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या दोन जागी लागतो का ते बघितल्याशिवाय पक्का करू नका.

एक उलटा आजारही सांगून ठेवतो. हे सगळं कळल्यावर दोनेक महिने मुलं प्रत्येक शब्दावर संशय घेतात. ‘चित्त’ म्हणजे खरंच चित्त का, ‘कथा’ म्हणजे कथाच का? बहुतेक शब्द जिथल्या तिथेच आहेत हो. वचन किंवा लिंग जुळत नाही, क्रियापदाला कर्म सापडत नाही, ‘परि’ला जागा मिळत नाही, किंवा मजकूर शेजारच्या ओळीशी भांडतो, असं काही झालं तरच थांबा. बाकी वाचत जा.

सुरुवात म्हणून सहाव्या अध्यायातल्या चौदा ते सतरा या चार ओव्या वहीत घ्या. पंधरावीत ‘दिसती नादींचे रंग थोडे’ असा चरण आहे. ‘रंग’ अनेकवचनी, ‘थोडे’ त्याला बरोबर जुळतं, म्हणजे व्याकरण इथे तुम्हाला काही सांगणार नाही. आधीच्या चरणातला ‘पाडें’ म्हणजे तुलनेत, बरोबरीला लावलं असता. त्या तुलनेत नादाचे रंग ‘थोडे’ दिसतात, ते संख्येने की योग्यतेने, एवढं ठरवा आणि कशावरून ठरवलं ते वहीत शेजारी लिहून ठेवा.